आधी कंडिशनर, मग बाकीचं

कंडिशनरची बाटली आणि हेअर मास्कचा डबा शेजारी ठेवा आणि दोन्हींच्या मागची बारीक अक्षरं वाचा. बहुतेक वेळा यादीची सुरुवात सारखीच निघते. आधी पाणी, मग सीटोस्टिअरिल अल्कोहोल, त्यानंतर बेहेंट्रायमोनियम क्लोराइड किंवा सीट्रायमोनियम क्लोराइड, पुढे एखादं सिलिकोन आणि सुगंध. घटकांची नावं प्रमाणाच्या उतरत्या क्रमाने छापलेली असतात, त्यामुळे ज्याचं नाव आधी ते जास्त, एवढं कळायला रसायनशास्त्र यावं लागत नाही. मग सिरमची छोटी बाटली फिरवून बघा. तिच्यात बहुधा पाणीच नसतं. सायक्लोपेंटासिलोक्सेन, डायमेथिकोनॉल, थोडं तेल, थोडा वास, संपलं. म्हणजे पार्लरमधून स्ट्रेटनिंग करून बाहेर पडताना हातात ज्या तीन वस्तू ठेवल्या जातात, त्यातल्या दोन एकाच जातीच्या असतात आणि तिसरी अगदी निराळी. तरीही बायका सगळ्यात जास्त पैसे मास्क आणि सिरमवर घालवतात आणि कंडिशनर मात्र घाईघाईने चोपडून लगेच धुऊन टाकतात. माझ्या मते गणित इथेच चुकतं.

मी इथे रिबाँडिंग आणि त्याच पद्धतीच्या स्मूदनिंगबद्दल लिहिते आहे, ज्यात केसांना थायोग्लायकोलेटचं क्रीम लावतात. ‘केराटिन’ म्हणून जे करतात ते वेगळं. त्याचा परिणाम काही महिन्यांत ओसरतो. रिबाँडिंगचं तसं नाही, जो केस एकदा सरळ झाला तो कापला जाईपर्यंत सरळच राहतो.

या क्रीमचा पीएच 9 च्या आसपास असतो, म्हणजे ते चांगलंच अल्कधर्मी असतं. केस त्यात फुगतो आणि त्याला आकार देणारे गंधकाचे बंध तुटतात. मग केस धुऊन, वाळवून तापलेल्या इस्त्रीने सरळ ओढतात आणि न्यूट्रलायझर लावतात. त्यातलं हायड्रोजन पेरॉक्साइड तुटलेले बंध नव्या, सरळ जागी पुन्हा जोडतं. सगळे जुळत नाहीत. जे सुटून राहतात त्यांतल्या काहींचं रूपांतर अशा आम्लात होतं, ज्याच्यामुळे केसावरचा ऋणभार वाढतो. ही गोष्ट लक्षात ठेवा, कंडिशनरचं सगळं काम तिच्यावरच चालतं.

दुसरं नुकसान पृष्ठभागावर होतं. केसाच्या बाहेरच्या बाजूला कौलांसारखी एकावर एक चढलेली खवल्यांची आवरणं असतात, आणि सगळ्यात वरच्या आवरणावर एक अतिशय पातळ स्निग्ध थर रासायनिक बंधाने चिकटलेला असतो. न रंगवलेला, न सरळ केलेला केस पाणी पटकन शोषत नाही तो या थरामुळे. अल्कधर्मी क्रीमने हा थर बराचसा निघून जातो, आणि तो परत येत नाही, कारण डोक्याबाहेर आलेला केस जिवंत नसतो. पाणी आता सहज आत शिरतं, खवले उचलले जातात, एका केसाचे खवले दुसऱ्याला अडकतात आणि गुंता होतो. हाताला राठ लागतं ते हेच.

पावसाळ्यात हे सगळं उघडं पडतं. जुलैत मुंबईच्या आणि कोकणपट्टीच्या हवेतली आर्द्रता 80 टक्क्यांच्या वर असते. पूर्ण दमट हवेत केस स्वतःच्या वजनाच्या सुमारे 30 टक्के पाणी ओढून घेऊ शकतो. त्याने तो लांबीला जेमतेम दोन टक्क्यांपर्यंत वाढतो, जाडीला मात्र 14 टक्क्यांच्या आसपास. शिवाय प्रत्येक केस, आणि एकाच केसाचा प्रत्येक भाग, सारखा फुगत नाही. जास्त बिघडलेला भाग जास्त पाणी घेतो, शेजारचा कमी. सगळे केस वेगवेगळ्या दिशांना वळतात आणि डोकं पिंजारल्यासारखं दिसतं.

आता कंडिशनर. बेहेंट्रायमोनियमसारख्या घटकावर धनभार असतो, केसावर ऋणभार. दोघं एकमेकांकडे खेचले जातात आणि पाण्याने धुतलं तरी एक अगदी पातळ थर केसावर मागे राहतो. सीटोस्टिअरिल अल्कोहोल या थराला मऊ, निसरडं करतं. नावात अल्कोहोल असलं तरी ते मेणासारखं स्निग्ध असतं, केस कोरडे करणाऱ्या स्पिरिटशी त्याचा संबंध नाही. यातली खरी गंमत अशी, की जिथे नुकसान जास्त तिथे ऋणभार जास्त, म्हणून थरही तिथेच जास्त बसतो. मुळाशी असलेल्या निरोगी केसाला थोडं आणि टोकाशी असलेल्या जुन्या केसाला भरपूर, ही वाटणी कंडिशनर स्वतःच करतं. त्यातच तो आम्लधर्मी असतो, पीएच 4 च्या आसपास, त्यामुळे फुगलेला केस आकसतो आणि उचललेले खवले पुन्हा बसायला मदत होते.

पण यासाठी तो केसापर्यंत पोहोचायला हवा. शाम्पू धुतल्यावर पाणी निथळत असतानाच कंडिशनर लावलं तर निम्मं पाण्याबरोबर वाहून जातं. आधी केस मुठीत धरून पिळून घ्यावेत, जोराने मुरगळायचे नाहीत. खांद्याखाली येणाऱ्या केसांना साधारण दोन चमचे पुरतात. कानाच्या पातळीपासून खाली, टोकांना सगळ्यात आधी लावावं आणि दोन-तीन मिनिटं राहू द्यावं. त्याच वेळात रुंद दातांच्या कंगव्याने टोकांकडून वर जात गुंता सोडवावा. ओला केस सगळ्यात नाजूक असतो आणि सरळ केलेला ओला केस तर फारच. त्याच्यावर कंगवा फिरवायची सुरक्षित वेळ हीच. मग धुताना केस निसरडे लागेपर्यंत धुवावेत, चरचरीत होईपर्यंत नाही. शाम्पूच्या जाहिरातींनी चरचरीत म्हणजे स्वच्छ हे आपल्या डोक्यात इतकं बसवलं आहे, की बायका मागे राहिलेला थर पुन्हा घासून काढतात आणि मग सिरम शोधतात.

मास्कमध्ये हेच घटक जास्त प्रमाणात असतात. पाणी कमी, स्निग्ध घटक जास्त, त्यात बहुधा थोडं तेल किंवा बटर आणि अनेकदा हायड्रोलाइझ्ड केराटिन किंवा गव्हाचं प्रथिन. टोकं खूप बिघडलेली असतील तर मास्कने फरक नक्की जाणवतो, कारण थर जाड बसतो. लहान तुकडे केलेलं प्रथिन काही प्रमाणात केसात शिरतं आणि उरलेलं पृष्ठभागावर पातळ पापुद्रा तयार करतं. त्याने ओला, लिबलिबीत झालेला केस थोडा ताठ होतो. याचाच उलटा परिणामही दिसतो. दर धुण्याला प्रथिनाचा मास्क लावत राहिलं तर पापुद्रे साचतात, केस मऊ व्हायच्या ऐवजी कडक होतात आणि वाकवले की मोडतात.

मास्क किती वेळ ठेवायचा हा सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न. डब्यावर 5 किंवा 10 मिनिटं लिहिलेली असतात आणि बायका तो रात्रभर ठेवतात. जे बसायचं ते बहुतांश पहिल्या काही मिनिटांतच बसतं. केसावर भाराच्या जागा मर्यादित असतात, त्या भरल्या की पुढचं नुसतं वर साचून राहतं आणि धुताना जातं. रात्रभर ओला ठेवलेला केस मात्र फुगलेलाच राहतो आणि उशीवर घासला जातो. पार्लरमधल्या हेअर स्पालाही हेच लागू आहे. वाफेने आणि मालिशने आराम खूप मिळतो, पण दुसऱ्या धुण्यानंतर घरच्या मास्कपेक्षा फारसं काही शिल्लक नसतं. आराम हवा असेल तर जरूर घ्यावा.

बंध दुरुस्त करतो, केस पुन्हा निरोगी करतो, अशा वाक्यांबद्दल एकच सांगते. निघून गेलेला स्निग्ध थर मास्क परत आणत नाही. तो त्याची जागा तात्पुरती घेतो आणि पुढच्या शाम्पूबरोबर बराचसा निघून जातो. म्हणून आठवड्यातून एकदा मास्क पुरे, आणि त्या दिवशी मास्कनंतर कंडिशनर लावायची गरज नाही. बाकीच्या प्रत्येक धुण्याला कंडिशनर चुकवायचं नाही. दोहोंपैकी एकाच वस्तूला पैसे असतील तर कंडिशनर घ्यावं.

सिरमचं काम केस वाळायला लागल्यावर सुरू होतं. त्यातलं सायक्लोपेंटासिलोक्सेन पातळ असतं, ते सगळीकडे पसरतं आणि थोड्या वेळात उडून जातं. मागे उरतं डायमेथिकोनॉल, जाडसर आणि निसरडं. त्याने दोन केसांमधलं घर्षण कमी होतं, चमक येते, उचललेले खवले एकमेकांत अडकत नाहीत. सिरम केसाला ओलावा देत नाही, त्यात ओलावा नसतोच. हवेतलं पाणीही ते अडवून ठेवत नाही, सिलिकोनमधून वाफ आरपार जाते. फार तर केस फुगायची गती थोडी कमी होते आणि फुगले तरी ते एकमेकांत गुंतत नाहीत. म्हणजे लोकलच्या गर्दीतून ऑफिसपर्यंत पोहोचेपर्यंत सिरमचा उपयोग होतो, पण भर पावसात संध्याकाळपर्यंत त्याच्यावर विसंबून राहू नये.

प्रमाण फार महत्त्वाचं. खांद्याखालच्या केसांना दोन-तीन थेंब, फार तर चार. तळव्यांवर चोळून आधी टोकांना, मग उरलेलं वर कानापर्यंत, आणि तेही टॉवेलने टिपून घेतलेल्या किंचित ओल्या केसांना. पूर्ण वाळलेल्या, आधीच पिंजारलेल्या केसांना सिरम लावलं की वरचे केस दबतात, पण आतला फुगवटा तसाच राहतो. मग बाई पुन्हा दोन थेंब घेते, पुन्हा घेते, आणि शेवटी केस तेलकट लटांमध्ये लोंबतात. इस्त्री वापरणार असाल तर सिरम लावलेले केस आधी पूर्ण वाळवा. ओल्या केसावर तापलेली पट्टी फिरली की आतल्या पाण्याची वाफ होते आणि केसाच्या आत बुडबुडे तयार होऊन तो तिथेच तुटतो. सिरमने उष्णतेपासून काही अंशी बचाव होतो, पण 200 अंशांची पट्टी रोज फिरवायचा तो परवाना नव्हे.

सिरमच्या शेजारीच दुकानात लीव्ह-इन क्रीम मिळतं आणि दोन्ही एकच समजून घेतली जातात. क्रीम म्हणजे न धुवायचं, हलकं कंडिशनर. त्यात पाणी असतं आणि बरेचदा ग्लिसरीनही. ग्लिसरीन हवेतलं पाणी ओढतं. पुण्याच्या किंवा नागपूरच्या साध्या हवेत ते चालून जातं, रत्नागिरीच्या पावसाळ्यात मात्र तेच केस फुगवतं. लेबलवर ग्लिसरीन पाण्यानंतर लगेच, दुसऱ्या-तिसऱ्या नंबरवर दिसलं तर ते क्रीम पावसाळ्यात बाजूला ठेवा.

डोंबिवलीला राहणाऱ्या माझ्या भाचीची तक्रार या सगळ्यावर लागू पडते. गेल्या वर्षी लग्नाच्या गडबडीत तिने स्मूदनिंग करून घेतलं. आठ महिन्यांनी ती म्हणाली, “मावशी, स्पा करून झाला, मास्क बदलून झाला, सिरमची बाटली महिन्याला संपते, तरी वरून केस उभेच राहतात.” तिच्या इमारतीत बोअरचं पाणी येतं. कंडिशनर ती लावायची, पण निथळत्या केसांना, डोक्याच्या वरच्या भागापासून, आणि साबणाचा हात धुवावा तितक्या वेळात काढून टाकायची.

आधी तिचे केस खिडकीपाशी उजेडात बघितले. तिचे पिंजारलेले केस दोन प्रकारचे निघाले, आणि हे दोन प्रकार वेगळे न ओळखल्यामुळेच तिचे पैसे वाया जात होते. केस महिन्याला साधारण एक सेंटीमीटर वाढतात. आठ महिन्यांत मुळाशी आठ-नऊ सेंटीमीटर नवा, तिचा मूळचा कुरळा केस आला होता आणि त्याच्याखाली जुना सरळ केस. वरून उभे राहणारे बरेचसे केस हे नवे कुरळे केस होते. त्यांना काहीही झालेलं नाही, ते फक्त कुरळे आहेत. कितीही मास्क लावला तरी ते सरळ होणार नाहीत. ते ओले असताना थोडं सिरम लावून, ब्रशने खाली धरून वाळवले तर बसतात, नाहीतर त्यांना कुरळं राहू द्यायचं.

दुसरा प्रकार काळजीचा. नवा आणि जुना केस जिथे मिळतात तिथे काही केस तुटून आखूड झाले होते. हे ओळखायची खूण सोपी आहे. आखूड केसाचं टोक बोटांच्या चिमटीत धरून बघा. नैसर्गिक वाढीचा केस टोकाला निमुळता होत जातो. तुटलेल्याचं टोक बोथट असतं किंवा झाडूसारखं पिंजलेलं. तिच्या टोकांकडच्या काही केसांवर पांढरे बारीक ठिपकेही दिसले. तिथे खवले निघून आतला गाभा उघडा पडलेला असतो आणि केस पुढे तिथूनच तुटतो. त्याला कोणतंही मलम लागू पडत नाही. तेवढा भाग कापावा लागतो. तिने टोकांकडून चार बोटं केस कापले. चेहरा पाडला, पण कापले.

मग पाण्याचं. बोअरच्या पाण्यातले कॅल्शियमचे क्षार ऋणभार असलेल्या, बिघडलेल्या केसांवर जास्त चिकटतात आणि केस राठ, निस्तेज होतात. कंडिशनरला बसायच्या जागा आधीच क्षारांनी अडवलेल्या असतात. त्यावर दोन-तीन आठवड्यांतून एकदा, ज्याच्या घटकांत ईडीटीए किंवा फायटिक अ‍ॅसिड वरच्या बाजूला आहे असा क्लॅरिफाइंग शाम्पू. त्याने साचलेलं सिलिकोनही उतरतं. त्या दिवशी मास्क. इतर दिवशी सौम्य शाम्पू फक्त टाळूला, आणि कंडिशनर वर सांगितलं त्या पद्धतीने. शेवटचा एक तांब्या पिण्याच्या, गाळलेल्या पाण्याचा घे, असंही मी सांगितलं. ते ती करत नाही.

धुण्याच्या आदल्या रात्री टोकांना खोबरेल तेल लाव म्हटल्यावर ती हसली. आजीचा सल्ला! पण त्याला पुरावा आहे. मुंबईतल्या मॅरिको कंपनीचे संशोधक रेळे आणि मोहिले यांनी 2003 मध्ये खोबरेल, सूर्यफूल आणि मिनरल ऑइल यांची तुलना प्रसिद्ध केली. केस धुताना त्यातलं प्रथिन निघून जातं, ते लक्षणीय कमी झालं फक्त खोबरेलने. त्यातलं लॉरिक आम्ल सरळ साखळीचं आणि आकाराने लहान असल्यामुळे तेल केसाच्या आत शिरतं आणि पाण्याने होणारा फुगवटा कमी करतं. मॅरिको स्वतः खोबरेल तेल विकते, हे ध्यानात ठेवून वाचावं. पण तेल आत शिरतं हे नंतर इतर पद्धतींनीही दिसलेलं आहे. तेल धुण्याआधी लावायचं. नंतर लावून दमट हवेत बाहेर पडलं तर केस चप्प बसतात आणि धूळ चिकटते, एवढंच.

हे सगळं बसायला तिला दीडेक महिना लागला. गुंता कमी झाला, कंगव्यात आखूड तुटके केस कमी दिसायला लागले. सिरमची बाटली आता बरीच पुरते. वरचे कुरळे केस मात्र तसेच आहेत, आणि तिला ते पुन्हा सरळ करायचे आहेत. माझी हरकत नाही. फक्त पार्लरवाल्या ताईंना दोन गोष्टी आधी विचारायला सांगितल्या आहेत. क्रीम फक्त नव्या वाढलेल्या भागाला लावणार का, आणि जुन्या सरळ केसांवर क्रीम ओघळू नये म्हणून त्यांना आधी कंडिशनरचा जाड थर लावून ठेवणार का. एकदा बंध तोडून जोडलेल्या केसावर पुन्हा तेच क्रीम लागलं तर तो जोडाच्या जागीच तुटतो, आणि टाळूपासून आठ-नऊ सेंटीमीटरवर तुटलेला केस लपवता येत नाही. ‘हो’ असं स्पष्ट उत्तर मिळालं नाही तर दुसरं पार्लर शोधायचं. तूर्त तिने बेत पावसाळा संपेपर्यंत पुढे ढकलला आहे.